पोटातला शिरा आणि भुलीची सुई

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे मी डबाभर शिरा खाल्ला होता. वाटीभर नव्हे, डबाभर. साजूक तुपातला, आमच्याच वाडीतली वेलची केळी कुस्करून घातलेला, काजू-बेदाण्यांचा, सत्यनारायणाचा. आणि नंतर भुलीच्या डॉक्टरबाईने तोंडावर विचारलं तेव्हा मान ताठ करून सांगितलं होतं, की काल रात्रीपासून पोटात काही नाही. आता सत्तरी उलटल्यावर मी त्या बाईकडे, म्हणजे त्या वेळच्या माझ्याकडे, मागे वळून बघते तेव्हा पहिल्यांदा हसू येतं आणि लगेच ओकारी येते. दोन्ही खरं आहे.

ही बाई, सांगायला हवं, आमच्या निर्मळ गावच्या आळीत उपासांसाठी प्रसिद्ध होती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, झालंच तर श्रावणातले सगळे. हरताळकेला पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि तो घेतला नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळेल अशी व्यवस्था करायची. "छे बाई, नको, आज निर्जळी," असं ती ज्या सुरात म्हणायची तो सूर आज माझ्या कानात कोणी घातला तर मी त्याच्या कानशिलात मारीन. लग्नकार्यात नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, बघा, उपास करावा तर यांनी. आणि मी पदर सावरून अशी बसायची, की जशी काही अन्नपूर्णाच जेवण सोडून बसली आहे.

एवढ्या उपासांनी पित्ताशयात खडे झाले. डॉक्टर म्हणाले की उपासांनीच झाले असं छातीठोक सांगता येत नाही, पण पोट फार वेळ रिकामं ठेवायचं आणि मग तळलेल्या साबुदाणावड्यांनी भरायचं हे त्याला काही मानवलेलं नाही. उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की मी मोरीत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. छोटी छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. वसईतल्याच एका लहानशा रुग्णालयात.

आदल्या संध्याकाळी घरी सत्यनारायण घातला. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून. आमचे हे पूजेला बसले, शिऱ्यासाठी वेलची यांनीच खलबत्त्यात कुटली. यांचं कुटणं म्हणजे अर्धी पूड आणि अर्धी टरफलं. लोक आले, गेले. रुग्णालयातून बजावून सांगितलं होतं, की रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. सकाळी चहा नाही, बिस्किट नाही, काहीच नाही. मी म्हटलं, मला काय शिकवता उपास!

पहाटे उठले तर ओट्यावर शिऱ्याचा डबा. उरलेला प्रसाद. आता प्रसाद काही टाकायचा नसतो. आणि दोन दिवस घर बंद, म्हणजे त्याला बुरशी येणार, म्हणजे तो टाकावा लागणार, म्हणजे पाप. आमचे हे बाहेर गाडीत सामान ठेवत होते. मी उभ्या उभ्या एक घास तोंडात टाकला. घशातून तुपासारखाच उतरला, कारण तो तुपाचाच होता. मग दुसरा. प्रसादाने उपास मोडत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. कुणाच्याही घरी पूजेला गेलं तर उपासवालीच्या हातावरही प्रसाद ठेवतातच. त्यामुळे मी खाल्लं असं काही झालंच नाही. मी फक्त प्रसाद संपवला. डबा विसळून पालथा घातला आणि उपाशी पोटी गाडीत जाऊन बसले. पुढे कित्येक वर्षं मी हे असंच सांगत आले, की माझ्या मते मी खाल्लेलंच नव्हतं. भोळी होते, असंही वर जोडायची.

रुग्णालयात घालायला दिलेल्या हिरव्या झग्याला पाठीमागे नाड्या होत्या आणि पुढे एक तपकिरी डाग होता. धुऊन धुऊन फिकट झालेला, पण डागच. कोणाच्या तरी पोटातून निघालेलं माझ्या पोटावर ठेवून मी बाकावर बसले. नर्सने मंगळसूत्र, बांगड्या काढून यांच्या हातात दिल्या, नखांचं रंगकाम पुसलं. पुसता पुसता म्हणाली, "बोटाला चिमटा लावतात ना काकी, त्याला रंगातून नीट दिसत नाही."

मग भुलीच्या डॉक्टरबाई आल्या. नायगावच्या नव्या टॉवरांतून स्कूटरवर येणारी पोरगी; तिशी जेमतेम ओलांडलेली, खांद्याला स्वतःची बॅग. ती त्या रुग्णालयाची नोकर नव्हती. भूल देणारे असेच असतात हे मला तेव्हाच कळलं. ज्या डॉक्टरचं ऑपरेशन, तो फोन करून बोलावतो, आणि ते बॅग घेऊन आज विरार, उद्या नालासोपारा असे फिरतात.

"काकी, काही खाल्लं का सकाळपासून?"

"छे!"

"चहा? दूध? एखादं केळं?"

"अगं बाळा, आमच्याकडे उपास म्हणजे उपास असतो."

"दात हलतात का कुठले?"

"माझे? उसाचं कांडं सोलून दाखवू?"

ती हसली. मीसुद्धा हसले. तेव्हा माझ्या जठरात पाव-दीड पाव शिरा बसलेला होता.

आतल्या खोलीत थंडी होती आणि स्पिरिटचा वास होता, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता, माणसाचा, जो फिनाइलने झाकला जातो पण जात नाही. डोक्यावर मोठा दिवा. छातीला चिकट गोळे लावले, बोटाला चिमटा. तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा मास्क धरून ती म्हणाली, "नुसता ऑक्सिजन आहे, मोठे श्वास घ्या." मास्कला नव्या चपलेचा वास येत होता. मग हाताच्या शिरेतून काहीतरी दुधासारखं पांढरं जाताना दिसलं. शीर चरचरली. मी तिला सांगणार होते की चरचरतंय.

आणि मग अतिदक्षता विभागाचं छत.

मध्ये काहीच नाही. झोपेतून उठलं की निदान कळतं, आपण झोपलो होतो. इथे वेळेचा तुकडाच कोणीतरी कात्रीने कापून टोकं एकमेकांना शिवली होती. त्या कापलेल्या तुकड्यात काय झालं ते मला नंतर कळलं. मीच तिच्यामागे लागून एकेक गोष्ट काढून घेतली. ऐकताना नको वाटायचं, आणि तरी मी विचारायचीच.

जागेपणी, आणि साध्या झोपेतसुद्धा, जठराच्या तोंडाशी एक कडं आवळलेलं असतं. शिवाय घशाशी पहारा असतो. पाण्याचा थेंब वाट चुकून श्वासनळीकडे गेला तरी आपण ठसकतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकतो. भूल चढली की हा पहारा उठतो. कडं सैल पडतं, खोकला बंद. आणि माझा शिरा, जो कुठे जायची घाई नसल्यासारखा जठरात बसून होता, तो वर चढला. ओकारी नव्हे, ओकायलाही माणूस शिल्लक लागतो. नुसता तुंबलेल्या मोरीसारखा वर आला आणि पारदर्शक मास्कच्या आत पिवळा दिसला.

तिने टेबल डोक्याकडून खाली केलं, माझी मान वळवली आणि तोंडातलं उपसायला लागली. उपसायची नळी बारीक, शिरा घट्ट. बेदाणा अडकला की नळी बंद. तिने बोटं घालून काढला. माझ्या तोंडातून, कोमट. मग श्वासनळीत नळी घातली, नळीभोवतीचा छोटा फुगा फुगवून वाट बंद केली, म्हणजे आणखी काही खाली जाऊ नये. पण थोडं गेलंच होतं. ऑक्सिजनचा आकडा घसरला तो वर येईना. नळीतून फुप्फुसातलं उपसलं, दुसऱ्या नळीने जठर रिकामं केलं. सर्जनने हात धुऊन मोजे घातले होते, ते तसेच काढून ठेवले. पोटाला टाका पडला नाही. माझं सगळं ऑपरेशन म्हणजे भिंतीवरच्या बाटलीत साठलेला तो शिरा.

श्वासाचं यंत्र संध्याकाळपर्यंत चालू होतं. मग मला हळूहळू जागं करून नळी काढली म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते छत, सोललेला घसा, आणि खोकला. त्या खोकल्याची शिसारी मी कुठल्याच शब्दात मांडू शकत नाही. प्रत्येक उबळीबरोबर वर यायचं ते गोड लागायचं. आंबट-गोड, तुपाचं, वेलचीचं. देवापुढचा वास माझ्या छातीत कुजत होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची लघवीची पिशवी माझ्या डोळ्यांच्या रेषेत लटकत होती, आणि खरं सांगते, ती मला माझ्यापेक्षा स्वच्छ वाटली.

बाहेर आमचे दीर आले होते. दीर म्हणजे वटारपासून विरारपर्यंत ज्यांना ओळखत नाही असा माणूस नाही, निदान त्यांच्या मते. बरोबर आळीतले पाच-सात जण, त्यांतले दोघे दाराबाहेर वडापाव खात होते, त्याचा वास आत येत होता. दार अर्धं उघडं.

"साधे खडे काढायला आणली आमची बाई, आणि तुम्ही तिला मशीनवर टाकली!"

"त्यांच्या पोटात अन्न होतं. ते फुप्फुसात गेलं," डॉक्टरबाईचा आवाज.

"अन्न? वहिनींच्या पोटात? मॅडम, तुम्हाला माहिती नाही तुम्ही कोणाबद्दल बोलताय. ती बाई हरताळकेला थुंकी गिळत नाही!"

"भूल जास्त दिली असणार," वडापाव म्हणाला. "माझ्या मेव्हण्याच्या गावाला असंच झालेलं."

"बाटली दाखवते तुम्हाला."

"बाटलीत काय, कोणाचं पण असेल! आम्ही सोडणार नाही. मोबाईलवर टाकतो सगळं. वसईत कोण तुम्हाला पुन्हा बोलावतं ते बघतोच."

तिथे मला समजायला हवं होतं, काय चाललंय ते. तिची सगळी रोजीरोटी त्या फोनवर होती. दहा सर्जन बोलावतात म्हणून ती होती. 'हिच्या हातून पेशंट मशीनवर गेला' एवढं वाक्य फिरलं की फोन वाजायचा बंद. मला ते समजलं. हेच तर किळसवाणं आहे, की मला ते समजलं.

दीर आत आले. माझ्या कानाशी वाकले, तोंडाला मिरचीचा वास. "वहिनी, बोलू नका, त्रास होईल. नुसती मान हलवा. उपाशी होतात ना?"

त्यांच्या पाठीमागे दारात ती उभी होती. डोळ्यांखाली काळं, टोपीचा वळ कपाळावर. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वाट बघत असल्यासारखी.

मी मान हलवली. हो.

दीर विजयी मुद्रेने बाहेर गेले. ती माझ्या खाटेशी आली, ऑक्सिजनचा मास्क नीट केला, उशी सारखी केली आणि गेली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याजवळ होते. आमचे हे बोलायला कमी. नर्सने सांगितलेलं, खोकवा त्यांना, छातीतलं बाहेर पडू द्या. हे एका हाताने पाठीवर थापट्या मारत होते आणि दुसऱ्या हातात तो चंद्रकोरीसारखा पत्र्याचा ट्रे धरून होते. एक मोठी उबळ आली. ट्रेमध्ये पडलं. मी मागे टेकले, हे ट्रे घेऊन उठले, आणि उठले ते तिथेच थांबले. ट्रे नाकाशी नेला. मला वाटलं, काय हा माणूस! मग त्यांनी बोटाने त्यातलं काहीतरी बाजूला सारलं.

"वेलचीचं टरफल आहे," ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग करायला रुग्णालयाइतकी सोयीची जागा नाही.

"मीच कुटलीय," ते म्हणाले. "मी ओळखतो माझं कुटणं."

आणि खाली बसले. बस, एवढंच. रागावले नाहीत, विचारलं नाही, ट्रे रिकामाही करून आणला नाही. ते सगळं मांडीवर घेऊन बसून राहिले, बाहेर दिरांचा आवाज वाढत होता आणि त्या ट्रेचा गोड वास आम्हा दोघांच्या मधे होता. मला वाटलं होतं, माणसाला पश्चात्ताप होतो म्हणजे आत काहीतरी उदात्त हलतं. तसं काही नसतं. मला फक्त तो ट्रे समोरून हलायला हवा होता.

"भावजींना बोलवा," मी म्हटलं. घशातून आवाज कोंबडीसारखा निघाला.

दीर आले, पाठोपाठ आळी आली. डॉक्टरबाईलाही बोलवा म्हटलं. ती आली.

"मी शिरा खाल्ला होता. पहाटे. डबाभर."

दीर म्हणाले, "पण वहिनी, ते तर प्रसादाचं. ते काय खाणं झालं?"

"भावजी, फुप्फुसाला विचारा," मी म्हटलं.

माझी अब्रू तिथल्या तिथे गेली. आळीतल्या एक मावशी मात्र बाहेर जाताना म्हणाल्याच, "प्रसाद पोटात होता म्हणून तर वाचली हो!" मला पुन्हा उबळ आली.

मोबाईलवर काही गेलं नाही. दिरांनी माफी मागितली नाही. त्यांनी त्या रुग्णालयात नारळाच्या पाण्याचं एक खोकं पाठवून दिलं, त्यांची माफी तशीच असते.

खडे मात्र होते तिथेच होते. छाती पूर्ण बरी होऊन दीडेक महिना गेल्यावर पुन्हा ऑपरेशन ठरलं, आणि मी सर्जनला सांगितलं की भूल तीच पोरगी देईल, नाहीतर खडे माझ्याबरोबर जळतील. ती आदल्या दिवशी तपासायला आली. मी विचारलं, "तू मला झोपवतेस म्हणजे नक्की काय करतेस?"

"झोपवत नाही काकी. झोपेत डास चावला तर तुम्ही हात झटकता. इथे पोटाला भोक पाडायचंय." तिने खुर्ची ओढली. "पांढरं औषध जातं ना, त्याने मेंदूचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतात. प्रत्येकजण आपापलं थोडंफार करत असतो, पण बैठक मोडलेली असते. सुरी लागली की खबर मज्जातंतूंमधून वर निघतेच. पण 'मला दुखतंय' म्हणायला तो 'मी' जागेवर नसतो."

"मग झालं की!"

"नाही ना. अंगाला तरी कळतं. नाडी धावते, ब्लडप्रेशर चढतं. म्हणून दुखण्याचं औषध वेगळं. स्नायू सैल करायचं आणखी वेगळं. त्याने छातीचे स्नायूही थांबतात, म्हणून श्वास मशीन देतं. पांढरं औषध थोड्याच वेळात उतरतं, म्हणून पुढे नळीतून वायू चालू ठेवायचा. ऑपरेशन संपलं की वायू बंद, तो तुमच्याच श्वासातून निघून जातो, आणि तुम्ही परत येता."

"आणि तोपर्यंत तू काय करतेस?"

"तुमच्या डोक्याशी बसते."

म्हणजे माझा खोकला, माझा श्वास, माझी ठेच लागल्यावरची 'आई गं', सगळं काढून तिच्या ओंजळीत द्यायचं, आणि ती बसून राहणार. आणि अशा पोरीला मी खाऊन खोटं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काही खाल्लं?" मी म्हटलं, "नाही." ती बघत राहिली. मी तोंड उघडून दाखवलं, अगदी घोड्यासारखं. यांना दारातून ओरडून विचारलं तिने. यांनी हात जोडून मानेनेच 'नाही' म्हटलं. मग मास्क, चपलेचा वास, शीर चरचरली, आणि पुन्हा कात्री.

या वेळी छत आलं तेव्हा पोटाला चार चिकटपट्ट्या होत्या आणि एका बाटलीत माझे खडे, मेथीच्या दाण्यांसारखे, पिवळट, मळकट, एवढेसे. एवढ्याशांसाठी! मला पुन्हा किळस आली, पण या वेळी साधी, घरगुती.

संध्याकाळी ती बघायला आली. मी चांगली शुद्धीत होते आणि खरं सांगायचं तर मला थोडं कौतुक हवं होतं. उपासवालीची खोड. मी म्हटलं, "बघ हो, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं म्हणून तू वाचलीस. बाकी मी आपली भोळी, प्रसादाला खाणं म्हणतात हे मला कुठे ठाऊक होतं?"

तिने माझी नाडी धरली होती ती सोडली नाही, आणि म्हणाली:

"काकी, त्या संध्याकाळी मी तुमच्या घशातली नळी काढली तेव्हा बोलणं परत आलं होतं, लक्षात ठेवणं अजून आलं नव्हतं, म्हणून तुम्हाला आठवणार नाही; पण तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, 'शिऱ्याचं आमच्या घरी सांगू नकोस हं,' आणि मी पोटात अन्न होतं एवढंच म्हटलं, तुम्ही स्वतः कबूल केलंत हे नाही सांगितलं, तुमचे दीर माझ्या अंगावर आले तेव्हासुद्धा."